नाशिकच्या गॅलरीतली झाडं: पाण्याचा तक्ता आणि पहिल्या हिवाळ्याचा धडा

डोंबिवलीहून मी नाशिकला आले त्याला आता 14 वर्षं झाली. सामानाच्या टेम्पोत सगळ्यात शेवटी कढीपत्त्याची कुंडी चढवली होती. 12 इंची कुंडी, कमरेएवढं झाड, डोंबिवलीत रोज एक मग पाणी पिऊन मस्त वाढलेलं. पहिल्याच हिवाळ्यात ते मरता मरता वाचलं. मुंबई, ठाणे किंवा कोकणातून नव्याने इथे येणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच होताना मी बघते, म्हणून आधी तीच हकिकत सांगते आणि मग तक्ता देते.

डिसेंबरात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. वरची माती बघावी तर कोरडी ठणठणीत. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून एकाचे दोन मग केले. वर शेंगदाणा पेंडीचं पाणीही घातलं. पंधरा दिवसांत कोवळे शेंडे काळे पडले आणि कुंडीजवळ वाकलं की कुबट वास यायला लागला. शेजारच्या काकूंनी अगरबत्तीची जुनी काडी मातीत चार बोटं खोल खुपसली आणि बाहेर काढून माझ्या हातावर टेकवली. काडी ओली होती, तिला चिखल लागला होता. "अहो, वरून कोरडी दिसते ती हवेमुळे. आत बघा, झाड पाण्यात बसलंय," असं त्या म्हणाल्या.

कारण सोपं आहे. मुंबईला हिवाळा नावापुरता, इथे तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो. माती गार पडली की कढीपत्त्यासारखं उष्ण हवेतलं झाड वाढ थांबवतं आणि मुळं पाणी ओढत नाहीत. हवा मात्र कोरडी असते, त्यामुळे वरचा बोटभर थर पटकन सुकतो आणि आपण फसतो. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणून जास्त पाण्याने मरणारं झाड तहानलेल्यासारखंच दिसतं. फरक ओळखायचा तो काडीने: पानं मलूल आणि काडी कोरडी असेल तर पाणी द्या; पानं मलूल आणि काडी ओली असेल तर पाणी बंद.

झाड कुंडीतून उपसलं तेव्हा अर्धी मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल निसटून येणारी होती. ती कात्रीने छाटली, पांढरी आणि घट्ट होती तेवढी ठेवली. मुळं कमी झाली म्हणून कुंडीही लहान, 8 इंची घेतली. माती बदलली, कारण जुन्या मातीत इथली काळी माती मी हौसेने मिसळली होती. काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत एकटी नको. ओली असताना ती चिकटून बसते, सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेला फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत जातं. तेव्हापासून माझं मिश्रण ठरलेलं आहे: दोन घमेली माती, एक घमेलं गांडूळ खत, एक घमेलं जाडी वाळू, आणि मूठभर निंबोळी पेंड. खत अजिबात न घालता, दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी देत ते झाड तसंच ठेवलं. फेब्रुवारी संपता संपता खोडावर लालसर कोंब फुटले.

आता तक्ता. 10 ते 12 इंची कुंडी धरून लिहिला आहे. पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. दिवस लिहिले आहेत ते काडी कधी खुपसून बघायची त्याचे, डोळे मिटून पाणी ओतायचे नव्हेत.

| झाड | ऊन | उन्हाळा | पावसाळा | हिवाळा | खत | हंगामाची नोंद |
|---|---|---|---|---|---|---|
| कढीपत्ता | 5-6 तास | रोज | 3-4 दिवसांनी | 7-10 दिवसांनी | मार्च ते सप्टेंबर, महिन्याला दोन मुठी गांडूळ खत | थंडीत खत नाही; फेब्रुवारीअखेर शेंडे खुडा |
| तुळस | 4-6 तास | रोज | 2-3 दिवसांनी | 4-5 दिवसांनी | महिन्याला एक मूठ गांडूळ खत, थंडीत बंद | मंजिऱ्या खुडत राहा |
| मोगरा | 6 तास | रोज | 3 दिवसांनी | 6-8 दिवसांनी | छाटणीनंतर दोन मुठी शेणखत, पुढे महिन्याला एक मूठ | जानेवारीअखेर छाटणी |
| गुलाब | 6 तास | रोज | 2-3 दिवसांनी | 2-3 दिवसांनी | ऑक्टोबर ते मार्च, महिन्याला गांडूळ खत आणि चमचाभर निंबोळी पेंड | पाऊस सरल्यावर छाटणी. बहर थंडीत |
| मनीप्लांट | सावलीतला उजेड | 2-3 दिवसांनी | 5-6 दिवसांनी | 8-10 दिवसांनी | दोन महिन्यांतून थोडं गांडूळ खत | गार वाऱ्यापासून आत घ्या |

गुलाबाची ओळ बाकीच्यांपेक्षा उलटी दिसेल, आणि ती तशीच आहे. इथली कोरडी थंडी त्याला मानवते. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत. म्हणून हिवाळ्यात गुलाबाला खाऊ घाला आणि कढीपत्त्याला झोपू द्या. तुळशीचं लग्न लागलं की तुळस उतरणीला लागते. पानं बारीक होतात, खोड लाकडासारखं होतं. हा रोग नव्हे. ऑक्टोबरातच मंजिऱ्यांचं बी कागदात बांधून ठेवा आणि मार्चमध्ये टाका.

मोगऱ्याबद्दल एक गोष्ट आवर्जून. जानेवारीत आठ-दहा दिवस त्याचं पाणी तोडा, मग प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटा, उरलेली पानंही काढून टाका आणि शेणखत घालून भरपूर पाणी द्या. ज्याला हे जमत नाही त्याचा मोगरा नुसता हिरवागार वाढतो आणि चार फुलांवर थांबतो.

तक्त्यातला उन्हाचा रकाना तुमच्या गॅलरीच्या दिशेने बदलतो. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात सूर्य कलता असल्याने ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. मेमध्ये दुपारी तो डोक्यावर असतो आणि वरच्या स्लॅबची सावली पडून तीच गॅलरी जवळजवळ सावलीत जाते. त्यामुळे गुलाब हिवाळ्यात तिथे खुश, उन्हाळ्यात नाही. पश्चिमेच्या गॅलरीचं दुखणं वेगळं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत दोन्ही एकदम लागतात, काळी प्लॅस्टिकची कुंडी हात लावू देत नाही. तिथे हिरवी जाळी बांधा, कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पाणी सकाळी आठच्या आत द्या.

पावसाळ्यात उलटी चूक होते. बाहेर पाऊस दिसतो म्हणून आपण पाणी बंद करतो. पण नाशिक शहरात मुंबईसारखी संततधार नसते, मधे चांगली उघडीप असते, आणि पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. पूर्वेच्या, छप्पर असलेल्या गॅलरीत कुंडीवर थेंबही पडत नाही. माझ्या मैत्रिणीची जास्वंद अशीच भर जुलैत वाळली.

आणि तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरेल. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं जास्वंदीत किंवा मोगऱ्यात दिसलं तर क्षारांमुळे लोह मिळत नाहीये असं समजा. खत वाढवून काही होत नाही. पावसाचं पाणी बादलीत धरून दोन-तीनदा भरपूर घाला, तळातून वाहू द्या, आणि वरची दोन बोटं माती काढून तिथे नवं गांडूळ खत भरा. जुनी पिवळी पानं तशीच राहतील. नवी पालवी हिरवी आली का, तेवढं बघा.