पहाटेचा ड्रोन शॉट: परतीचा वारा आधी मोजा

कोकण किनाऱ्यावर पहाटे वारा बहुधा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी उलट. म्हणून होड्यांचा पहाटेचा शॉट घेताना ड्रोन भुर्रकन पुढे जातो आणि फसतो तो परतताना. समजा, ड्रोनचा वेग सेकंदाला 10 मीटर आणि वारा 4 मीटर. 420 मीटर जायला 30 सेकंद लागतील, यायला मात्र 70! तेव्हा निम्मी बॅटरी उरली की परत फिरायचं हा हिशेब इथे चालत नाही. एवढ्या वाऱ्यात मी 80 टक्के उरली असतानाच वळवतो. वारा जास्तच लागला तर ड्रोन थोडा खाली आणा, तिथे जोर कमी असतो. होडीतून उडवला असेल तर ‘रिटर्न होम’वर विसंबू नका, तो होडी आधी होती तिथे, म्हणजे पाण्यावर उतरेल.

परवानगीसाठी आधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. पण ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळा भाग, दिसला म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्यावर उडवू नका, तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते. शिमग्यात पालखी नाचत असताना ड्रोन गर्दीच्या डोक्यावर नको. बाजूच्या मोकळ्या शेतावरून तिरका शॉट घ्या.