वेबसाइट अर्ध्यावर असताना मालकाला पाठवायचा मेल: माझं कुठे चुकलं

पहिल्या फ्रीलान्स कामात चौथ्या आठवड्यात मी मालकांना भला मोठा अपडेट मेल टाकला. होमपेज झालं, मोबाइलवर मेनू नीट दिसतोय, प्रॉडक्ट पेजचं अर्धं काम बाकी, आणि अगदी शेवटी एका ओळीत 'डोमेन, पेमेंट आणि जुन्या पेजेसबद्दल कळवा'. उत्तर आलं, "छान, चालू द्या." झालं! दोन आठवडे मी वाट बघत बसलो आणि त्यांना वाटत होतं की त्यांच्याकडून सगळं देऊन झालंय.

चूक माझीच, कारण 'कळवा' हा काही प्रश्न नाही. मग मेल परत लिहिला, सब्जेक्टमध्येच 'वेबसाइट: 3 निर्णय हवेत, शुक्रवारपर्यंत' असं टाकलं, काय काय झालं ते दोन ओळींत आणि सोबत टेस्ट लिंक. त्याखाली नंबर टाकून प्रश्न, म्हणजे फोनवरून '1 हो' एवढं टाइप केलं तरी भागतं. जुन्या पेजेसचा प्रश्न असा होता:

"जुन्या साइटची 40 पेजेस आहेत, नव्या साइटवर त्यांचे पत्ते बदलतील. गूगलवरून जुन्या लिंकने येणारा माणूस थेट नव्या पेजवर जावा म्हणून 301 रीडायरेक्ट लावावं लागेल. बंद झालेल्या प्रॉडक्टची 12 पेजेस त्या-त्या कॅटेगरीवर वळवू का? माझं मत हो. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर असंच करतो."

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, पण ते सगळीकडे चालत नाही हां. नंतर बदलता येईल अशाच गोष्टीला ते लावायचं. पेमेंट गेटवेचं खातं मालकांच्याच नावावर, कागदपत्रं त्यांची, बँक खातं त्यांचं, आणि व्हेरिफिकेशनला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नाही, म्हणून तिथे सरळ लिहिलं, "हे तुम्हीच करायचंय, खातं सुरू होईपर्यंत ऑनलाइन पैसे घेता येणार नाहीत, बाकी साइट तयार असली तरी."

डोमेनचं तर त्याहून नाजूक. मी विचारलं की लॉगिन कोणाकडे आहे आणि ऑफिसचे ईमेल याच डोमेनवर चालतात का. ते चालत होते! डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते नेमसर्व्हर मी न विचारता बदलले असते आणि मेल कुठे पोचवायचे ते सांगणारे MX रेकॉर्ड नव्या ठिकाणी टाकायचे राहिले असते, तर साइट मस्त दिसली असती आणि ऑफिसला येणारे मेल बंद पडले असते. म्हणून ठरलं की नेमसर्व्हरला हात लावायचा नाही, फक्त वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारा A रेकॉर्ड बदलायचा (www चा वेगळा असेल तर तोही). लॉगिन मात्र आधीच्या डेव्हलपरकडे निघालं, ते मिळवायला मालकांना पाच दिवस लागले आणि लाँचची तारीख तेवढीच पुढे गेली. ती नवी तारीख कारणासकट पुढच्या मेलच्या पहिल्याच ओळीत टाकली.