चर्चासत्राच्या पुस्तिकेचे प्रूफ: चार वाचनांची तयारी

महाविद्यालयातल्या दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्राची कार्यक्रम पुस्तिका साधारण सोळा पानांची असते. तेवढ्यात एका वक्त्याचे नाव तीन-चार ठिकाणी येते: सुरुवातीच्या ‘एका दृष्टिक्षेपात’ तक्त्यात, सत्राच्या तपशिलात, गोषवाऱ्यावर आणि शेवटच्या सूचीत. त्याच्या सत्राची वेळ आणि खोलीही दोनदा-तीनदा छापली जाते. अशा पुस्तिकेतल्या मोठ्या चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या नसतात. एकच गोष्ट दोन पानांवर दोन तऱ्हांनी छापली जाते आणि दोन्ही पाने स्वतंत्रपणे वाचली तर बिनचूक दिसतात. म्हणून हे प्रूफ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदाच वाचून भागत नाही. शीर्षके, पदे, जागा आणि वेळा यांची चार वाचने वेगवेगळी करायची आणि प्रत्येक वाचनात बाकीच्या तीन गोष्टींकडे पाहायचेच नाही.

प्रूफ हातात येण्याआधी ताळ्याचा तक्ता तयार हवा. एका ओळीत एक वक्ता आणि रकाने असे: दिवस, सत्र, सुरुवात, शेवट, जागा, शीर्षक, नाव, पद, संस्था, गाव. ही माहिती मागच्या प्रुफावरून किंवा निमंत्रणपत्रिकेवरून भरू नका. शीर्षक वक्त्याच्या शेवटच्या ईमेलमधून, पद त्याच्या संमतिपत्रातून, खोली कार्यालयाच्या मंजुरीपत्रातून आणि वेळ समन्वयकांनी सही केलेल्या वेळापत्रकातून घ्या. निमंत्रणपत्रिका स्वतःच दुसऱ्या कुठल्या तरी कागदावरून उतरवलेली असते आणि तिच्यातली चूक पुस्तिकेत आली तर दोन्ही कागद एकमेकांशी छान जुळतात.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर वेळ टाकताना विसर्गचिन्हासारखे दोन टिंब वापरा. साडेनऊसाठी एक टिंब देऊन ९.३० असे लिहिले की एक्सेल त्याला दशांश समजते आणि शेवटचे शून्य गाळून ९.३ दाखवते. मग तोच आकडा पुस्तिकेत जातो. वजाबाकीही फसते. ९.४५ ते ११.१५ हे सत्र दीड तासाचे आहे, पण दशांशात वजाबाकी केली तर उत्तर १.७० येते. छापताना हवा तर एकच टिंब द्या, तक्त्यात मात्र नको.

पहिले वाचन शीर्षकांचे. हे दोघांनी करावे. एकाने मूळ ईमेल मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, अपूर्णविराम आणि अवतरणचिन्हे उच्चारून, आणि दुसऱ्याने फक्त प्रुफावर बोट फिरवायचे. बोट फिरवणाऱ्याने मूळ मजकूर पाहायचा नाही, कारण एकदा तो पाहिला की डोळा प्रुफावरही तोच वाचतो. सत्राची मोठ्या, ठळक अक्षरांतली शीर्षके मुद्दाम याच पद्धतीने तपासा. बारीक मजकूर आपण लक्ष देऊन वाचतो आणि मोठे अक्षर बरोबरच असणार असे धरून पुढे जातो. ‘जागतिक जल दिन’ ऐवजी ‘जागतिक जल दीन’ छापले गेले तर संगणकाची शुद्धलेखन तपासणीही थांबवणार नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

शीर्षकांच्या बाबतीत फॉन्ट बदलाचा धोका वेगळा लक्षात ठेवावा लागतो. वक्त्यांकडून कोणी युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो, कोणी जुन्या फॉन्टमध्ये, आणि छापखान्यात ते सगळे एका साच्यात ओतले जाते. त्या रूपांतरात रफार सरकतो, ‘दुसऱ्या’मधला ऱ्या मोडतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो, अवतरणचिन्हांची भलतीच अक्षरे होतात, आणि शीर्षकात रोमन लिपीतला शब्द असेल तर त्याचे निरर्थक देवनागरी होते. म्हणून रूपांतरित पानांवर जोडाक्षरे आणि चिन्हे यांच्यासाठी आणखी एक नजर टाका. ओळ कुठे तुटते तेही पाहा: ‘१९६०-’ वरच्या ओळीत आणि ‘१९८०’ खालच्या ओळीत गेले, तर कालखंड वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरे वाचन पदांचे. यातली चूक पाहुण्याला लागते, म्हणून या वाचनाला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक हे शब्द घाईत सारखे दिसतात, पण त्यांच्यात बढतीच्या कित्येक वर्षांचे अंतर असते. नावाआधी ‘प्रा.’ आपण महाविद्यालयातल्या कोणत्याही शिक्षकाला लावतो. तो संबोधनाचा भाग झाला. नावाखालच्या ओळीत नेमणुकीचे पदच हवे. ‘डॉ.’ ही पदवी मिळाल्यावरच लागते, प्रबंध सादर केल्याने नव्हे.

पाहुणे परराज्यातले असतील तर पदाचा शब्द जसाच्या तसा उतरवू नका. उत्तर प्रदेशातल्या विद्यापीठाच्या प्रमुखांच्या हिंदी परिचयात ‘कुलपति’ असते. ते आपल्याकडच्या कुलगुरूंच्या पदाचे नाव आहे. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. तो शब्द तसाच छापला तर उद्घाटकांना भलतेच पद दिले जाते, आणि वाचणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला ते कळते.

पद चर्चासत्राच्या दिवशी काय असेल, हाही प्रश्न विचारा. सरकारी आणि अनुदानित संस्थांतली निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. जानेवारीत संमती देताना विभागप्रमुख असलेली व्यक्ती १३ फेब्रुवारीला ‘निवृत्त विभागप्रमुख’ असू शकते. प्रभारी प्राचार्यांच्या जागी त्या काळात कायम प्राचार्य रुजू झालेले असू शकतात. याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक वक्त्याला फक्त त्याचीच नोंद, जशी छापली जाणार तशी, व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवणे. चित्र पाठवू नका, मजकूर असला की ते स्वतः दुरुस्त करून परत पाठवतात. उत्तर आले नाही म्हणजे होकार मिळाला असे समजू नका. फोन करा. आणि एकच व्यक्ती सत्राध्यक्ष म्हणून एका पानावर आणि सल्लागार समितीत दुसऱ्या पानावर असेल, तर दोन्हीकडे तेच पद आहे ना, हे सूचीवरून पाहा.

तिसरे वाचन जागांचे आणि ते टेबलावर बसून होत नाही. प्रूफ हातात घेऊन प्रवेशद्वारापासून प्रत्येक सभागृहापर्यंत चालत जा आणि दारावरची पाटी वाचा. पुस्तिकेत ‘खोली क्र. २१४’ आणि पाटीवर ‘२१४-अ’ असेल, किंवा सभागृहाला देणगीदाराचे नाव देऊन झाले असेल आणि कार्यालय अजून जुनेच नाव लिहीत असेल, तर पाहुणा पाटीवर विश्वास ठेवतो. पुस्तिका पाटीप्रमाणे करा. मजल्याबद्दल एकदा ठरवा: तळमजल्याच्या वरचा तो पहिला. क्यूआर कोड असेल तर तो छापील प्रुफावरून मोबाइलने उघडून पाहा, पडद्यावर चालणारा कोड कागदावर लहान होऊन बंद पडू शकतो.

चौथे वाचन वेळांचे. तारीख आणि वार आधी दिनदर्शिकेशी ताडून घ्या. १३ फेब्रुवारी २०२६ ला शुक्रवार आहे, २०२५ मध्ये त्याच तारखेला गुरुवार होता. मागच्या वर्षीच्या फाइलवर नवी पुस्तिका बसवली की तारखा बदलल्या जातात आणि वार तसेच राहतात. मग प्रत्येक सत्राचा शेवट पुढच्या सत्राच्या सुरुवातीशी जुळतो का ते पाहा आणि चहासाठी दुसऱ्या इमारतीत जायचे असेल तर त्या चालण्याला जागा आहे का तेही. बारीक अक्षरांत १ आणि ९ फसवतात, त्यामुळे वेळांचे आकडे बोट ठेवून वाचावे लागतात.

खरे काम यानंतर सुरू होते, सत्राच्या पोटातली बेरीज करण्याचे. समजा, शनिवारी समांतर सत्र ‘अ’ ११.१५ ते १२.४५ आहे, म्हणजे ९० मिनिटे. त्यात सहा निबंध, प्रत्येकी १२ मिनिटे, म्हणजे ७२. परिचयाला ५, प्रश्नोत्तरांना १५ आणि अध्यक्षीय समारोपाला १० धरले की १०२ होतात. पुस्तिकेत छापलेली प्रत्येक वेळ नीट दिसते, तरी हे सत्र १२ मिनिटांनी जेवणात घुसणार आहे आणि शेवटच्या वक्त्याची वेळ कापली जाणार आहे. हे समन्वयकांच्या कानावर घालणे प्रूफ पाहणाऱ्याचे काम आहे, निर्णय मात्र त्यांचा.

त्यांनी सहावा निबंध त्याच वेळेच्या सत्र ‘क’मध्ये हलवला असे धरू या. ‘अ’ आता बरोबर ९० मिनिटांवर येते. ‘क’मध्ये आधी चारच निबंध होते, तिथेही आता पाच होऊन ९० भरतात. पण ही एक दुरुस्ती पाच ठिकाणी पोचवावी लागते: दृष्टिक्षेपातला तक्ता, ‘अ’चा तपशील, ‘क’चा तपशील, गोषवाऱ्यावरचा सत्र क्रमांक आणि सूचीतली नोंद. आता वर्णक्रमाने लावलेली सूची घ्या आणि प्रत्येक नावापुढे वार, वेळ आणि खोली लिहा. हलवलेल्या निबंधाच्या लेखिका त्याच वेळी सत्र ‘ब’च्या अध्यक्ष आहेत, असे तिथे दिसते. मूळ वेळापत्रकातही ही टक्कर होतीच, त्या ‘अ’मध्ये बोलणार होत्या आणि ‘ब’मध्ये अध्यक्षस्थानी बसणार होत्या. त्यांचे नाव दोन्ही पानांवर बरोबर होते म्हणून ती कोणाला दिसली नाही. त्यांचा निबंध दुपारच्या सत्रात ठेवावा लागेल, ‘क’ पुन्हा चारवर येईल आणि पाचही जागा परत तपासाव्या लागतील.

छापखान्याला दुरुस्त्या देताना त्यांच्या चुका लाल शाईने आणि आपण केलेले बदल निळ्या शाईने खुणवा. बिलाच्या वेळी वाद होत नाही. प्रत्येक प्रुफावर तारीख आणि क्रमांक घाला आणि जुने प्रूफ टाकू नका. दुसरे प्रूफ आले की पहिल्यावरच्या प्रत्येक खुणेवर बरोबरची खूण करत जा, शिवाय दुरुस्त केलेल्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या दोन ओळी वाचा. दुरुस्ती करताना शेजारचा शब्द जातो, ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते आणि अनुक्रमणिकेतला पान क्रमांक चुकतो. मध्ये पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात. सोळाची सतरा झाली तर छपाई वीस पानांची होते.

शेवटच्या प्रुफावर ‘छपाईस योग्य’ लिहून समन्वयकांची सही घ्या आणि त्यानंतर आलेला कोणताही बदल फाइलमध्ये घालू नका. वक्ता रद्द झाला, खोली बदलली, तर शुद्धिपत्राची एकच सुटी चिठ्ठी काढा, पुस्तिकेच्या पहिल्या पानात सरकवा आणि तिचीच मोठी प्रत नोंदणीच्या टेबलावर आणि जुन्या खोलीच्या दारावर लावा.