हरभरा मेला त्या रानात पुन्हा हरभरा नको : 'पड' आणि 'फेरपालट' म्हणजे नेमकं काय

सोयाबीन काढून झालं, रान मोकळं आहे आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आहे. चाड्यावर मूठ धरण्याआधी एक गोष्ट आठवा : गेल्या वर्षी तुमच्या रानात हरभरा कुठे वाळला होता? त्या तुकड्यात यंदा हरभरा पेरू नका. बाकीचा सल्ला पुढे आहे, पण एवढं एक ऐकलं तरी पुष्कळ.

दरवर्षी हेच पाहतो. पहिल्या वर्षी पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात चार-दोन झाडं माना टाकतात. दुसऱ्या वर्षी खाटेएवढा ठिपका पडतो. तिसऱ्या वर्षी तो नांगर-पाळीच्या दिशेने लांब होतो, कारण वखराच्या फासेला लागलेली माती रोग पुढे नेते. मग शेतकरी धावत दुकानात जातो आणि मुळाशी ओतायचं औषध, वर ह्युमिक, वर टॉनिक घेऊन येतो. मान टाकलेलं झाड ओतणीने उठत नाही. बुरशी खोडाच्या आतल्या नळ्यांत शिरलेली असते, बाहेरून ओतलेलं तिथे पोचत नाही. ते पैसे वाचवा.

"पण आम्ही तर पीक बदलतो, सोयाबीनवर हरभरा घेतो," असं उत्तर मिळतं. इथेच घोटाळा आहे. फेरपालट म्हणजे पिकाचं नाव बदलणं नव्हे. मातीत बसलेल्या रोगाला त्याचं खाद्य मिळू न देणं म्हणजे फेरपालट. सोयाबीन-हरभरा-सोयाबीन-हरभरा या माळेत प्रत्येक रब्बीला हरभरा त्याच मातीत येतो. मर रोगाच्या बुरशीच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. ही बुरशी (फ्युजॅरियम) हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. तूर, मसूर आणि वाटाण्याच्या मुळांतही ती राहते. ती झाडं वाळत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. म्हणजे हरभऱ्याऐवजी तूर घेतली तरी मरीपुरती ती फेरपालट ठरत नाही. जुनी माणसं बेवड बघून पेरायची. आधीचं पीक मातीत काय ठेवून गेलं, ते म्हणजे बेवड. सोयाबीनचा बेवड नत्राला बरा, पण मेलेल्या हरभऱ्याचा बेवड वाईटच.

आधी रोग ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. वाळतं झाड उपटा आणि बुडखा चाकूने उभा चिरा.

मर : मूळ बाहेरून धडधाकट दिसतं, पण चिरल्यावर मधोमध काळपट-तपकिरी रेघ दिसते.

मूळकूज : झाड गवती रंगाचं होतं. उपटताना आडवी मुळं मातीतच राहतात, सोटमूळ काडीसारखं कटकन मोडतं. ही फुलोरा-घाट्यात, ऊन वाढल्यावर आणि ओल तुटल्यावर येते.

मानकूज : रोप लहान असतानाच पिवळं पडतं. जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. ओल जास्त आणि न कुजलेला काडीकचरा असेल तिथे ही हमखास येते. माझा अनुभव असा की सोयाबीनच्या बुचाडाची, मळणीची जागा असते तिथेच ती आधी दिसते. त्या जागेवरचं भुसकट उचलून घ्या, ओलं भुसकट गाडून लगेच पेरू नका.

मर असेल तर फेरपालट खरंच कामाला येते. चार एकरांचं उदाहरण घेऊ. एकेक एकराचे चार तुकडे करा. मेलेल्या तुकड्यात यंदा रब्बी ज्वारी, पुढच्या रब्बीला करडई, तिसऱ्या रब्बीला पुन्हा ज्वारी किंवा पाणी असेल तर गहू, आणि चौथ्या वर्षी हरभरा, तोही विजय, दिग्विजय किंवा जाकी 9218 असा मर प्रतिकारक वाण. हरभरा दरवर्षी चारपैकी एकाच तुकड्यात येईल आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकड्यात सरकेल. रोग तीन वर्षांत संपत नाही, पण इतका कमी होतो की प्रतिकारक वाण तग धरतो. ज्वारीला भाव नाही म्हणता, तर कडब्याचाही हिशेब मांडा.

मूळकूज असेल तर मात्र ज्वारीच्या भरवशावर राहू नका. हीच बुरशी सोयाबीनला खाते आणि रब्बी ज्वारीत खडखड्याही हीच आणते. मर प्रतिकारक वाण इथे उपयोगाचा नाही. इथे ओल हेच औषध. जिरायतात हरभरा 10 ऑक्टोबरच्या आत पेरा आणि पाणी असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला एक हलकं पाणी द्या.

आता पडीबद्दल. ओल नसेल, मजूर नसेल, तर मेलेला तुकडा पड ठेवायला हरकत नाही. पण पड म्हणजे रान सोडून देणं नव्हे. परतीच्या पावसावर सांडलेलं सोयाबीन उगवतं, गेल्या वर्षीचे हरभऱ्याचे दाणे उगवतात, लव्हाळा माजतो. काही तणांच्या मुळांतही मरीची बुरशी राहते. असं हिरवं रान सातबाऱ्यावर पड असतं, बुरशीसाठी मात्र ते जेवणाचं ताट असतं. शिवाय तण ओल पिऊन टाकतं, ते वेगळंच. खरी पड काळी दिसते. पाऊस पडून वाफसा आला की वखराची पाळी घाला. भेगा पडू लागल्या की आणखी एक घाला, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल टिकते. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून ढेकळं उन्हात तापू द्या. मेलेल्या तुकड्याची पाळी सगळ्यात शेवटी घाला आणि फास धुऊनच अवजार घरी न्या. ई-पीक पाहणीत तो तुकडा 'चालू पड' म्हणून नोंदवा.

आभाळाकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात वरची ओल दिवसागणिक खाली जाते. चार बोटं खालची माती मुठीत दाबा, लाडू झाला तर पेरा. 15 ऑक्टोबर उलटला आणि लाडू होत नसेल, तर कोरडवाहूत ज्वारीचा हट्ट सोडा आणि रान स्वच्छ पड ठेवा.

नेहमीची कामं :

- ज्वारी : एकरी 4 किलो बी, 45 × 15 सेंमी, काणीसाठी किलोला 4 ग्रॅम गंधक.
- हरभरा : 30 × 10 सेंमी, मध्यम दाण्याचं बी एकरी 26 ते 28 किलो.
- बीजप्रक्रिया : ट्रायकोडर्मा किलोला 4 ग्रॅम, मग रायझोबियम 10 किलोला 250 ग्रॅम. रासायनिक बुरशीनाशकात ट्रायकोडर्मा कालवू नका.
- मातीत : एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो कुजलेल्या शेणखतात.
- मेलेली झाडं मुळासकट उपटून बांधाबाहेर जाळा.

ट्रायकोडर्मा कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्या, स्वस्त पडतो. दुकानातून घेतलाच तर आधी पुडीवरची तारीख बघा.

जानेवारीत ठिपका दिसेल तेव्हा त्याच दिवशी चारी बाजूंना खुंट्या ठोका. ऑक्टोबरपर्यंत ती जागा कुणाच्या लक्षात राहत नाही आणि पुन्हा तिथेच हरभरा पडतो. मर बियाण्यातूनही येते, तेव्हा त्या रानातला हरभरा बी म्हणून ठेवू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका.