विवाहबिंदूवरून जोडीदाराचं वर्णन करताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या पाश्चात्त्य कुंडलीत विवाहाचा अरबी भाग, म्हणजे ‘पार्ट ऑफ मॅरेज’, तुळेत दिसला. मी लगेच सांगितलं की बायको गोडबोली, माणसांत रमणारी, नटण्याची आवड असलेली मिळेल. मिळाली ती मोजकं बोलणारी आणि कामाला वाघ. दोघांचा संसार छान चालला आहे, पण माझं वर्णन सपशेल चुकलं होतं. मुळापासून तपासलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. सॉफ्टवेअरने काढून दिलेला बिंदू मला हवा होता तो नव्हताच. आणि तो बरोबर असता तरी मी तो चुकीच्या पद्धतीने वाचला असता.

पुढे जाण्याआधी शब्दांचा घोळ मिटवू. या लेखात ‘लग्न’ म्हणजे जन्मवेळी पूर्वक्षितिजावर उगवणारा बिंदू. दोन माणसांच्या लग्नाला ‘विवाह’ म्हणू आणि त्याच्या अरबी भागाला, म्हणजे लॉटला, ‘विवाहबिंदू’. लॉट म्हणजे कुंडलीतल्या दोन जागांमधलं अंतर लग्नापासून पुढे टाकून काढलेला बिंदू.

सूत्र न बघता बिंदू उचलणं

सगळ्यात मोठी चूक हीच आहे. विवाहबिंदूचं एकच एक सूत्र नाही. ‘अरबी’ हे नाव नंतर चिकटलं. हे बिंदू ग्रीक ज्योतिषात त्याच्या आधीपासून आहेत. पहिल्या शतकातल्या डोरोथियसकडे पुरुषासाठी शनी ते शुक्र आणि स्त्रीसाठी शुक्र ते शनी असं माप आहे. दुसऱ्या शतकातल्या व्हॅलेन्सकडे पुरुषासाठी रवी ते शुक्र आणि स्त्रीसाठी चंद्र ते मंगळ. आजच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘लग्न अधिक सप्तमारंभ वजा शुक्र’ हे तिसरंच सूत्र असतं, आणि त्यात स्त्री-पुरुष भेद नसतो. सप्तमारंभ म्हणजे लग्नाच्या बरोबर समोरचा बिंदू.

समजायला सोपं जावं म्हणून पूर्णांकातली एक कुंडली घेऊ. पुरुषाची, दिवसाची, सायन. लग्न सिंह १८, रवी वृषभ ५, चंद्र कन्या ८, शुक्र मेष २६, मंगळ कुंभ ३, गुरू कर्क १०, शनी मकर २०. मेषेच्या आरंभापासून मोजले तर लग्न १३८ अंशांवर, शुक्र २६ वर आणि शनी २९० वर येतो.

आता शनीपासून शुक्रापर्यंत राशींच्या क्रमाने अंतर मोजा. ते ९६ अंश भरतं. तेवढेच अंश लग्नापासून पुढे टाका: १३८ अधिक ९६ म्हणजे २३४, म्हणजेच वृश्चिक २४. हा या पुरुषाचा विवाहबिंदू. व्हॅलेन्सच्या सूत्राने तो सिंह ९ वर येतो आणि सॉफ्टवेअरच्या लोकप्रिय सूत्राने मिथुन १० वर. एकाच माणसाच्या तीन राशी, तीन स्वामी, तीन वेगळ्या बायका! म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सूत्र डोळ्यांनी वाचा, एक परंपरा निवडा आणि तीच धरून राहा. मी शनी-शुक्राचं सूत्र वापरते आणि पुढचं सगळं त्यावरच आहे.

इथे आणखी एक गफलत हमखास होते. पुरुषाच्या कुंडलीत बायको बघायची आहे म्हणून स्त्रीचं सूत्र लावलं जातं. सूत्र कुंडली ज्याची आहे त्याच्यावर ठरतं, जोडीदारावर नाही. शिवाय भाग्यबिंदू रात्री उलटा मोजतात म्हणून काही सॉफ्टवेअर सगळेच बिंदू रात्री उलटतात. तसं झालं की रात्री जन्मलेल्या पुरुषाला नकळत स्त्रीचं सूत्र लागतं.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. स्त्री आणि पुरुष दोन्ही सूत्रांनी बिंदू काढा. आपल्या उदाहरणात स्त्रीचा बिंदू ४२ वर, म्हणजे वृषभ १२ वर येतो. लग्नाच्या पुढे ९६ अंशांवर एक, मागे ९६ अंशांवर दुसरा. हे दोन बिंदू लग्नाच्या दोन्ही बाजूंना नेहमी सारख्याच अंतरावर पडतात. तसे पडले नाहीत तर बेरीज-वजाबाकीत चूक आहे. तसे पडले, पण सॉफ्टवेअरचा ‘पुरुषाचा’ बिंदू तुमच्या स्त्रीच्या बिंदूशी जुळला, तर उलटापालट झाली आहे.

ताजिकातले ३० अंश मिसळणं

वर्षफल करणाऱ्यांना हे सूत्र ओळखीचं वाटेल, कारण ताजिकातलं, म्हणजे आपल्याकडच्या वर्षफल पद्धतीतलं, विवाह सहम ‘शुक्र वजा शनी अधिक लग्न’ असंच आहे. ‘सहम’ हा शब्दच अरबी ‘सह्म’वरून आला आहे. पण ताजिकात एक अट जास्त आहे: शनीपासून शुक्रापर्यंतच्या टप्प्यात लग्न येत नसेल तर एक रास, म्हणजे ३० अंश, मिळवायचे. पाश्चात्त्य पद्धतीत हे मिळवत नाहीत.

आपल्या उदाहरणात शनी मकरेत, शुक्र मेषेत आणि लग्न सिंहेत आहे, म्हणजे लग्न त्या टप्प्यात येत नाही. सवयीने ३० मिळवले तर बिंदू धनू २४ वर जातो आणि त्याचा स्वामी गुरू होतो. तो गुरू कर्केत, धनूपासून आठवा. जुन्या नियमाप्रमाणे षडाष्टकात असलेला ग्रह आपल्या राशीला बघतच नाही. म्हणजे ज्या बिंदूचा स्वामी त्याला पाहतो तो बिंदू एका सवयीपायी ‘अनाथ’ ठरतो आणि सगळा निष्कर्ष फिरतो.

जन्मवेळेला गृहीत धरणं

लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं. राशी आणि अक्षांशाप्रमाणे हा वेग कमी-जास्त होतो. शनी-शुक्राचा बिंदू लग्नाबरोबरच सरकतो. आपला बिंदू वृश्चिक २४ वर आहे, म्हणजे धनूत जायला सहा अंश उरलेत. ढोबळ मानाने जन्म २४ मिनिटं पुढे असेल तर रास बदलली. पत्रिकेवर वेळ ‘साडेदहा’ किंवा ‘अकरा’ अशी गोल आकड्यात असेल तर अर्धा तास मागे-पुढे करून बिंदू कोणत्या राशीत जातो ते आधी बघा. रास बदलत असेल तर या बिंदूवर वर्णन उभं करू नका.

लोकप्रिय सूत्रात ही अडचण दुप्पट होते. सप्तमारंभ म्हणजे लग्न अधिक १८० अंश, म्हणून त्या सूत्रात लग्न दोनदा मिळवलं जातं आणि बिंदू लग्नाच्या दुप्पट वेगाने पळतो. जन्मवेळेत १५ मिनिटांची चूक असेल तर बिंदू सात-आठ अंश हलतो. मला ते सूत्र न आवडण्याचं हे मुख्य कारण आहे.

राशीवर थांबणं, स्वामीकडे न जाणं

वृश्चिकेतला विवाहबिंदू बघून ‘संशयी, गूढ, मत्सरी बायको’ असं लिहिलेलं मी कितीदा वाचलं आहे, आणि दर वेळी त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. बिंदू ही एक जागा आहे. ती काही करत नाही, कुणाकडे दृष्टी टाकत नाही. बोलतो तो तिचा स्वामी, आणि वृश्चिकेचा स्वामी इथे मंगळ धरायचा, प्लूटो नाही. शिवाय बिंदूच्या राशीत कोण बसलं आहे आणि त्या राशीला कोण बघतं हेही पाहायचं.

मंगळ कुंभेत आहे. सिंह लग्नाला ते सातवं स्थान, म्हणजे विवाहबिंदूचा स्वामी थेट विवाहस्थानात बसला आहे. कुंभ वृश्चिकेपासून चौथी, म्हणून केंद्रयोगाने तो आपल्या बिंदूला बघतो. आता शुक्राकडे वळा. तो मेषेत, पुन्हा मंगळाच्याच राशीत. बिंदूचा स्वामी मंगळ, शुक्राचा स्वामी मंगळ आणि सप्तमातही मंगळ. तीन वाटा एकाच ग्रहापाशी येऊन मिळतात तेव्हाच मी वर्णनाला हात घालते.

हा मंगळ शनीच्या राशीत आहे आणि शनी स्वतः मकरेत, स्वराशीत, सहाव्या स्थानी. जोडीदार धडाडीची, पण शिस्तीत बांधलेली. रोजच्या कामात कणखर, निर्णय घेताना थंड डोक्याची. दिवसाच्या कुंडलीत मंगळ जास्त बोचतो, म्हणून शब्दाला धार असेल, सरळ तोंडावर बोलणारी असेल. पण उच्चीचा गुरू कर्केतून वृश्चिकेला नवपंचमात बघतो, तेव्हा त्या धारेमागे सचोटी आणि माया आहे. वृश्चिक लग्नापासून चौथी असल्याने घर, जागा किंवा आईवडील हे विषय या विवाहात मोठे ठरतील. ‘संशयी, मत्सरी’ याला इथे आधार नाही. दिसणं, रंग, उंची यांत मी शिरत नाही. तिथे हा बिंदू फार लवकर फसवतो.

मिळेल तो लॉट जोडणं

अल्-बिरूनीने १०२९ च्या सुमारास लिहिलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकात जवळजवळ शंभर लॉट दिले आहेत, आणि त्यांची संख्या रोज वाढत असल्याचंही तो नोंदवतो. सॉफ्टवेअरची यादी त्याहून लांब असते. घटस्फोटाचा, प्रेमाचा, मोहाचा, सगळे काढत बसलं की हवं ते कुठे ना कुठे सापडतंच. जोडीदारासाठी मी विवाहबिंदूसोबत फक्त इरॉसचा लॉट घेते, चौथ्या शतकातल्या पौलस या ग्रीक ज्योतिष्याच्या पद्धतीने, आणि तोही वेगळ्या प्रश्नासाठी. माणूस कशाकडे ओढला जातो ते इरॉस सांगतो. घरी कोण येतं ते नाही. या दोन उत्तरांची सरमिसळ केली की वर्णन हमखास चुकतं.

इरॉसचा लॉट काढायला आधी आत्मबिंदू लागतो. दिवसा जन्म असेल तर चंद्रापासून रवीपर्यंतचं अंतर लग्नापासून पुढे टाकायचं. आपल्या उदाहरणात तो मेष १५. मग आत्मबिंदूपासून शुक्रापर्यंतचे ११ अंश लग्नात मिळवायचे, म्हणजे इरॉस सिंह २९. स्वामी रवी, वृषभेत, विवाहबिंदूच्या बरोबर समोरच्या राशीत. या माणसाला भुरळ पडते ती ऐटीची, लक्ष वेधून घेणाऱ्या माणसांची. संसार मात्र त्याच्या उलट स्वभावाच्या व्यक्तीशी. ही ताण असलेली जोडी आहे आणि ते त्याला आधी सांगितलेलं बरं.

इरॉस सिंहेच्या शेवटच्या अंशात आहे म्हणून तो जन्मवेळेने लगेच हलेल असं वाटेल. पण दिवसाच्या कुंडलीत सूत्र उलगडून बघा: लग्न एकदा मिळवलं जातं, एकदा वजा होतं आणि उरतं फक्त ‘शुक्र वजा रवी अधिक चंद्र’. त्यातला जलद ग्रह चंद्र, तोही तासाला सुमारे अर्धा अंश चालणारा, म्हणून कन्येत जायला जन्म जवळपास दोन तास पुढे असावा लागेल. रात्रीच्या कुंडलीत दोन्ही पायऱ्या उलट्या मोजतात, तेव्हा लग्न कटत नाही, दोनदा मिळवलं जातं. तिथे इरॉस जन्मवेळेला दुप्पट नाजूक असतो, आणि वेळ पक्की नसेल तर रात्री जन्मलेल्यांसाठी मी तो काढतच नाही.