सांडलेले रक्त आणि त्यातली सुई : वॉर्डातील मदतनिसांसाठी वीस मिनिटांचा पाठ

हा पाठ सभागृहात न घेता पाळी बदलताना वॉर्डातच, सहा-आठ मावशी, वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचाऱ्यांना जमवून घ्यावा. फरशीवर अर्धी वाटी लाल रंगाचे पाणी सांडावे, त्यात सुईऐवजी टूथपिकचा तुकडा टाकावा आणि काहीही न सांगता एकाला साफ करायला लावावे. हात बहुधा आधी पोछ्याकडेच जातो आणि टूथपिक कापडात अडकते. खरी सुई असती तर ती पोछा पिळताना तळहातात घुसली असती, हे तिथेच दाखवावे.

मग योग्य क्रम करून दाखवावा. जागा अडवून जाड रबरी हातमोजे घालावेत. टोकदार वस्तू बोटांनी न उचलता लांब चिमट्याने उचलून पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी. सुईला टोपण परत लावू नये आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. यानंतर रक्तावर शोषक कागद किंवा जुने कापड पसरून त्यावर 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट कडेपासून मध्याकडे ओतावे, म्हणजे रक्त पसरत नाही. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल, तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालावे. हे द्रावण रोज ताजे करावे, कारण ते ठेवल्याने आणि उन्हाने क्षीण होते. ते ओतल्यावर किमान 10 मिनिटे थांबावे. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून पाठातही घड्याळ लावून थांबावे. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. शेवटी कापड पिवळ्या पिशवीत टाकून जागा पुन्हा पुसावी. वापरून टाकायचे हातमोजे असतील, तर ते लाल पिशवीत जातात.

हातमोजे काढल्यावर साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवावेत, कारण मोज्याला बारीक छिद्र असू शकते आणि तो काढतानाही हात माखतात. हातावर रक्त दिसत असेल, तर निव्वळ सॅनिटायझर पुरत नाही. धुताना काय राहून जाते ते दाखवायला प्रत्येकाने पांढरे मोजे घालावेत, डोळे मिटावेत आणि तळहातावर घेतलेला पोस्टर कलर साबणासारखा चोळावा. अंगठा आणि बोटांची टोके बहुधा पांढरीच राहतात.

सुई टोचलीच, तर जखम दाबू नये व बोट तोंडात घालू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सिस्टरांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून लपवणारे अनेक असतात, म्हणून सिस्टरांनी पाठाच्या वेळी स्वतः उभे राहून, कळवणाऱ्यावर कोणी रागावणार नाही, असे सर्वांसमोर सांगावे आणि रात्रपाळीत कोणाला गाठायचे त्याचा फोन क्रमांक डब्याजवळच्या भिंतीवर लावावा.