बाबांच्या बिडे सीटचा फवारा बंद पडला होता

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात चालत नाही, म्हणून कमोडवर बटण दाबलं की पाण्याच्या फवाऱ्याने धुणारी इलेक्ट्रिक बिडे सीट बसवली. गेल्या आठवड्यात तिचा फवारा अगदी मंद झाला, मग बंदच. नळी बाहेर यायची, मोटरचा आवाज यायचा, पाणी मात्र नाही. म्हणजे बिघाड बहुधा विजेचा नसावा.

आधी प्लग काढला, भिंतीवरचा अँगल कॉक बंद केला आणि सीटकडचा पाइप सोडून बादलीत धरला. कॉक सोडला तर करंगळीएवढीच धार. नीट पाहिलं तर कॉक अर्धाच उघडत होता. मागे फ्लशची टाकी दुरुस्त करताना तो आवळला गेला होता. पूर्ण फिरवला, बादलीत धो-धो पाणी आलं.

पाइप जोडला, तरी फवारा कमजोरच! मग कॉक पुन्हा बंद करून, सीटला पाइप लागतो तिथली बारीक जाळी पक्कडीने हळूच ओढली. आमच्या बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर चढला होता, मधे टाकीतली माती. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवली, जुन्या ब्रशने घासली, उजेडात धरली तेव्हा सगळी भोकं दिसली.

जाळीशिवाय सीट चालवू नका. कचरा आतल्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. जोडल्यावर सांध्यांना कोरडा कागद लावून गळती पाहिली. बाबांनी सकाळी स्वतःच बटण दाबलं.